मॅकवर हवा तेवढाच चौकोन घेता येतो, आणि वर्डमध्ये कापलेला फोटो कापलेला नसतो

«मॅकमध्ये विंडोजसारखं स्निपिंग टूल नसतं, म्हणून हे लक्षात ठेवा 👇
१) कमांड-शिफ्ट-३ ने पूर्ण स्क्रीनच घ्यावी लागते. मग वर्डमध्ये टाकून नको तो भाग क्रॉप करा.
२) कमांड-शिफ्ट-४ ने चौकोन काढता येतो, पण एकदा ओढायला सुरुवात केली की दुरुस्ती नाही. चुकलं तर पहिल्यापासून.
३) त्यात कंट्रोल दाबू नका, फोटो सेव्ह न होता गायब होतो.
४) छोटा चौकोन घेतला की फोटो फुटतो.
५) सगळ्यात सोपं: स्क्रीनशॉटचं कुठलंही फुकट अ‍ॅप टाका आणि ते मागेल त्या सगळ्या परवानग्या द्या.
मॅकवाल्या सगळ्यांना पाठवा 🙏»

हा मेसेज बडोद्यातल्या निम्म्या मराठी ग्रुपांतून फिरून आमच्या काकूंपर्यंत पोचला. दांडिया बाजारातल्या मंडळाची गणपतीची वर्गणी त्या लिहून ठेवतात. त्यांनी मेसेजवर विश्वास ठेवून वर्गणीची यादी वर्डमध्ये कापली आणि ती फाइल दीडशे जणांच्या ग्रुपवर टाकली. म्हणून पहिल्या मुद्द्यापासूनच सुरुवात करतो, कारण खरं नुकसान त्यातच आहे.

वर्डमध्ये क्रॉप केलेला भाग फक्त झाकला जातो. मूळ चित्र जसंच्या तसं फाइलमध्ये राहतं. काकूंच्या यादीत चार रकाने होते: क्रमांक, नाव, रक्कम आणि मोबाइल. मोबाइलचा रकाना त्यांनी कापला, पानावरही तो दिसत नव्हता. पण ती फाइल ज्याच्याकडे गेली त्याने चित्रावर क्लिक करून Picture Format मध्ये Crop दाबलं, की कापलेला भाग करड्या छटेत पुन्हा समोर येतो. कड बाहेर ओढली की सगळे नंबर वाचता येतात. त्यासाठी कुठलंही खास ज्ञान लागत नाही. स्वतः तपासायचं असेल तर वर्डमध्ये एखादा फोटो कापा, फाइल सेव्ह करून बंद करा, पुन्हा उघडा आणि Crop दाबा.

वर्डमध्येच कापायचं असेल तर चित्र निवडून Compress Pictures उघडा, त्यातल्या «Delete cropped areas of pictures» वर खूण करा आणि मग सेव्ह करा. तेव्हा कुठे तो भाग खरोखर जातो. पण मुळात हवा तेवढाच चौकोन टिपला, तर बाकीची स्क्रीन त्या फाइलमध्ये कधी येतच नाही. झाकायचं काहीच उरत नाही.

आता दुसरा मुद्दा. कमांड-शिफ्ट-४ दाबलं की बाणाच्या जागी अधिक चिन्ह येतं आणि त्याच्या शेजारी दोन आकडे दिसतात. ओढायच्या आधी ते आकडे तुम्ही स्क्रीनवर कुठे आहात ते सांगतात. ओढायला लागलात की तेच आकडे चौकोनाची रुंदी आणि उंची दाखवू लागतात. इथून पुढे माऊसचं बटण किंवा ट्रॅकपॅडवरचं बोट सुटेपर्यंत काहीही पक्कं झालेलं नसतं. सगळी दुरुस्ती याच वेळात करायची.

काकूंचीच यादी घेऊ. ती ब्राउझरमध्ये उघडी आहे आणि पहिले तीन रकाने हवे आहेत. अधिक चिन्ह शीर्षकाच्या डाव्या वरच्या कोपऱ्यावर ठेवायचं आणि तिरकं खाली, रकमेच्या रकान्याच्या उजव्या कडेपर्यंत ओढायचं. ओढून झाल्यावर दिसतं की सुरुवातच जरा उजवीकडे झाली आणि क्रमांकाचा रकाना अर्धा कापला गेला. अशा वेळी बटण सोडायचं नाही. ते तसंच दाबून ठेवून दुसऱ्या हाताने स्पेसबार दाबून धरायचा. चौकोनाचा आकार आहे तसा राहतो आणि अख्खा चौकोन माऊसबरोबर सरकतो. डावी कड जागेवर आणली की स्पेसबार सोडायचा, पण माऊसचं बटण नाही. आता उजवी कड पुन्हा तुमच्या हातात आहे, ती रकमेपर्यंत नेऊन ठेवायची.

मग लक्षात येतं की खालची एक ओळ जास्त आली आहे. ती काढताना हात जरासा हलला तर उजवी कड मोबाइलच्या रकान्यात शिरेल. म्हणून शिफ्ट दाबून धरायचं आणि माऊस वर न्यायचा. मग फक्त उंची बदलते, रुंदी हलत नाही. ऑप्शन दाबून धरलं तर चौकोन मध्यबिंदूपासून सगळीकडे सारखा वाढतो. एखादं गोल बोधचिन्ह बरोबर मधोमध घ्यायचं असेल तर ते उपयोगी पडतं, यादीसाठी नाही. सगळंच फसलं तर एस्केप दाबा, काहीही सेव्ह न होता बाहेर पडाल.

दुरुस्ती होत नाही हा समज कुठून आला असेल, तेही सांगतो. स्पेसबार ओढायला लागायच्या आधीच दाबला तर त्याचं काम वेगळं असतं. अधिक चिन्ह जाऊन छोटा कॅमेरा येतो, आणि मग क्लिक केलं की अख्खी विंडो टिपली जाते. माणसाला वाटतं, चौकोनाची सोय गेली. पुन्हा एकदा स्पेसबार दाबला की अधिक चिन्ह परत येतं.

ज्यांना बटण धरून ठेवणं जड जातं, विशेषतः ट्रॅकपॅडवर, त्यांनी कमांड-शिफ्ट-५ वापरावं. ही सोय २०१८ च्या मोहावे आवृत्तीपासून मॅकमध्येच आहे, त्यामुळे स्निपिंग टूल नाही हे विधानही तिथेच निकालात निघतं. खाली एक पट्टी येते. तिच्यात ठिपक्याठिपक्यांच्या चौकोनाचं Capture Selected Portion निवडायचं. स्क्रीनवर चौकोन उभा राहतो आणि हात सोडला तरी तो तिथेच थांबतो. कडा आणि कोपरे एकेक करून सावकाश ओढा, मधे धरून अख्खा चौकोन सरकवा, आणि मनासारखा झाला की रिटर्न दाबा. पट्टीतल्या Options मध्ये Remember Last Selection चालू असेल तर पुढच्या वेळी तोच चौकोन त्याच जागी मिळतो. वर्गणीची यादी रोज संध्याकाळी टाकायची असेल तर याहून सोपं काही नाही. फक्त पान रोज त्याच जागी उघडलेलं हवं, कारण चौकोन स्क्रीनची जागा लक्षात ठेवतो, यादी नाही.

कंट्रोलच्या मुद्द्यात थोडं खरं आहे, तेवढं मान्य करतो. कंट्रोल-कमांड-शिफ्ट-४ ने डेस्कटॉपवर फाइल येत नाही. पण फोटो गायब होत नाही, तो क्लिपबोर्डवर जातो. व्हॉट्सअ‍ॅपच्या किंवा मेलच्या खिडकीत जाऊन कमांड-व्ही करा, तो तिथे येतो. त्याच्या आधी दुसरं काही कॉपी केलंत तर मात्र तो पुसला जातो आणि सहसा परत मिळत नाही. नेमकं हेच कुणाचं तरी झालं असणार. फाइलच हवी असेल तर प्रिव्ह्यू उघडा, File मध्ये New from Clipboard निवडा आणि सेव्ह करा. माझ्या मते ग्रुपवर टाकायच्या चित्रासाठी कंट्रोलचाच मार्ग चांगला, कारण डेस्कटॉपवर शंभर स्क्रीनशॉट साचत नाहीत.

यावर कुणाच्या शब्दावर विसंबायची गरज नाही. टर्मिनल उघडून हे लिहा:

```
man screencapture
```

मॅकच्या स्वतःच्या स्क्रीनशॉट आज्ञेचं हे माहितीपत्रक आहे आणि ते तुमच्याच मशीनमध्ये असतं. त्यात `-i` पर्यायाखाली कंट्रोल, स्पेस आणि एस्केप या तिन्ही कळा काय करतात ते एकेका ओळीत दिलं आहे. कंट्रोलपुढे स्पष्ट लिहिलंय की चित्र क्लिपबोर्डवर जातं. q दाबलं की बाहेर पडता येतं.

फाइल हरवल्याची आणखी एक तक्रार येते, तिचं कारण वेगळं आहे. साधं कमांड-शिफ्ट-४ केल्यावर उजव्या खालच्या कोपऱ्यात छोटं चित्र तरंगतं. ते तिथे असेपर्यंत फाइल डेस्कटॉपवर उतरत नाही. काही सेकंद थांबा, किंवा ते चित्र उजवीकडे ढकला, म्हणजे फाइल लगेच सेव्ह होईल. तेच चित्र उचलून थेट चॅटमध्येही टाकता येतं. नकोच असेल तर कमांड-शिफ्ट-५ च्या Options मधून Show Floating Thumbnail बंद करा.

छोट्या चौकोनाने फोटो फुटत नाही. स्क्रीनवर जेवढे पिक्सेल आहेत तेवढे सगळे येतात. उलट रेटिना पडद्यावर शेजारच्या आकड्यांच्या दुप्पट येतात: ४०० बाय ३०० चा चौकोन ओढलात तर सहसा ८०० बाय ६०० पिक्सेलची फाइल होते. फुटलेला दिसतो तो व्हॉट्सअ‍ॅपने फोटो दाबल्यामुळे, किंवा बारीक अक्षरं नंतर ताणून मोठी केल्यामुळे. यादी टिपण्याआधीच ब्राउझरमध्ये कमांड आणि अधिक दोनतीनदा दाबून अक्षरं मोठी करा. मग त्याच अक्षरांना खरोखर जास्त पिक्सेल मिळतात. आणि पाठवताना फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

शेवटचा मुद्दा मात्र गंभीर आहे. मॅकच्या स्वतःच्या या कळांना कुठलीच परवानगी लागत नाही. बाहेरच्या अ‍ॅपला २०१९ च्या कॅटालिना आवृत्तीपासून स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी मागावी लागते. ती मिळाली की ते अ‍ॅप तुम्ही काढलेला चौकोनच नाही, तर स्क्रीनवर जे जे उघडं असेल ते सगळं पाहू शकतं. बँकेचं पान, मेल, मुलांचे फोटो, सगळं. Accessibility ची परवानगी त्याहून पुढे जाते, तिने अ‍ॅप तुमचा संगणक चालवूही शकतं. चांगली अ‍ॅप आहेत, लांबलचक पान सरकवत टिपण्यासारखी मॅकमध्ये नसलेली सोय काही देतात, आणि ज्याला ती हवी त्याने बनवणारा कोण ते पाहून जरूर घ्यावं. पण नुसत्या चौकोनासाठी «कुठलंही फुकट» आणि «सगळ्या परवानग्या» हा सल्ला देणाऱ्याने ते दोन शब्द कशाला उघडतात याचा विचारच केलेला नाही.

मेसेज वाचून असं अ‍ॅप टाकलंच असेल तर System Settings मध्ये Privacy & Security उघडा. तिथे Screen & System Audio Recording नावाची यादी आहे, जुन्या मॅकवर तिचं नाव नुसतं Screen Recording असतं. त्या अ‍ॅपसमोरचं बटण बंद करा. मग Accessibility च्या यादीतही तेच करा, आणि त्यानंतर अ‍ॅप काढून टाका. त्या अ‍ॅपने कमांड-शिफ्ट-४ स्वतःकडे ओढून घेतलं असेल तर Keyboard मधल्या Keyboard Shortcuts मध्ये Screenshots उघडून Restore Defaults दाबा. विंडोजचा कीबोर्ड जोडला असेल तर कमांडच्या जागी विंडोजची कळ दाबायची, ऑप्शनच्या जागी ऑल्ट.