भाडे किती, त्याआधी भाडे कुठपर्यंत

रविवारच्या सभेत आमच्या सोसायटीच्या अध्यक्षांनी पुनर्विकासाच्या प्रस्तावावर जे भाषण केले, ते मला बव्हंशी पटले आणि एका मुद्द्यावर पटले नाही. सोलापुरात विजापूर रोडवरची आमची इमारत सोळा सदनिकांची, तीन मजली आणि बिनलिफ्टची आहे. निम्म्याहून अधिक सभासद सत्तरीच्या पुढचे असल्याने सभेत प्रश्नांपेक्षा धास्तीच जास्त होती.

अध्यक्षांनी पहिल्याच वाक्यात सांगितले, की आज मतदान नाही आणि कोणी कशावरही सही करायची नाही. 4 जुलै 2019 च्या शासन निर्णयाप्रमाणे एकूण सभासदांपैकी किमान 51 टक्क्यांची संमती लागते, विकासकाची निवड उपनिबंधकांच्या प्रतिनिधीसमोर होते आणि त्या सभेचे चित्रीकरण करावे लागते. त्यामुळे घरी येऊन "बाकी सगळ्यांनी सही केली आहे" असे जो म्हणेल, त्याला चहा पाजून परत पाठवा, असे ते म्हणाले, तेव्हा सभेत पहिल्यांदा हशा पिकला.

हक्काच्या क्षेत्रफळाबाबत त्यांनी दुसऱ्या मजल्यावरच्या काकांचे उदाहरण घेतले. काकांच्या जुन्या करारात 620 चौरस फूट बिल्टअप लिहिले आहे, म्हणून विकासकाच्या पत्रातील "25 टक्के जादा" वाचून त्यांनी 775 फुटांचा हिशेब धरला होता. प्रत्यक्षात मंजूर नकाशाप्रमाणे त्यांचे चटईक्षेत्र, म्हणजे भिंतींच्या आतली वापराची जागा, 480 फूट आहे आणि जादा क्षेत्र त्यावर मोजले जाणार असल्याने त्यांना मिळतील ते 600 फूट चटईक्षेत्र. काकांनी गॅलरी बंद करून खोली केली आहे, ती यात धरलेली नाही. काका नाराज झाले, पण ही नाराजी आज झाली हे बरे. नव्या घराचा ताबा घेताना झाली असती तर तिला उपाय नव्हता. मुंबई-पुण्याचे आकडे ऐकून आलेल्यांना त्यांनी हेही स्पष्ट सांगितले, की विकासक आपल्याला देतो ते त्याला विकायला उरणाऱ्या घरांच्या किमतीतून देतो आणि सोलापुरातला दर तिथल्यासारखा नाही.

भाड्यावर ते सर्वाधिक वेळ बोलले. बांधकाम चालू असताना बाहेर राहण्यासाठी विकासकाने प्रत्येक सभासदाला द्यायचे भाडे प्रस्तावात दरमहा 9,000 रुपये आणि कालावधी 24 महिने असे आहे. "नऊ हजारांचे साडेनऊ करून घ्या" असा आग्रह पुढच्या रांगेतून सुरू होता. अध्यक्षांनी तो थांबवून विचारले, की पंचविसाव्या महिन्यात काय करायचे? काम रखडले, भाडे बंद झाले आणि जुने घर पाडून झालेले असले, तर सभासदाच्या हाती काहीच उरत नाही. म्हणून करारात "24 महिने" असे न लिहिता "महापालिकेचा भोगवटा दाखला मिळून प्रत्यक्ष ताबा देईपर्यंत" असे लिहून घ्यायचे, पहिल्या वर्षाचे पुढच्या तारखांचे धनादेश घर सोडण्यापूर्वी घ्यायचे आणि बांधकाम परवानगी हाती आल्याशिवाय कोणी घर रिकामे करायचे नाही. सोळा घरांचे भाडे महिन्याला 1,44,000 रुपये होते. विलंब झाल्यास निदान सहा महिन्यांची, म्हणजे 8,64,000 रुपयांची सोय भागावी इतकी बँक हमी केवळ भाड्यासाठी वेगळी मागायची, असे त्यांचे म्हणणे आहे. हे मला शंभर टक्के मान्य आहे.

तळमजल्यावरच्या आजींचा प्रश्न वेगळाच होता. सदनिका अजून त्यांच्या दिवंगत यजमानांच्या नावावर आहे, मग भाड्याचा धनादेश कोणाच्या नावे निघणार? अध्यक्षांनी त्यांना आधी सभासदत्व हस्तांतराचा अर्ज द्यायला सांगितले. नामनिर्देशन आजींचे असले तरी मुलांचा वारसाहक्क त्यामुळे संपत नाही, म्हणून मुलांच्या संमतीचे कागद आत्ताच करून ठेवा, कराराच्या वेळी धावपळ नको, असेही सांगितले.

माझा मतभेद स्थलांतराच्या खर्चाबाबत आहे. अध्यक्षांनी जाताना एकदा आणि येताना एकदा असा सामान हलवण्याचा खर्च धरला आहे. पण भाडेकरार बहुधा 11 महिन्यांचे होतात आणि घरमालकाने मुदत वाढवली नाही, तर दोन वर्षांत मधेच आणखी एकदा घर बदलावे लागते. ऐंशीच्या घरातल्या एकट्या माणसाला भाड्याने घर द्यायला मालक आधीच कां-कूं करतात, आणि गुडघे दुखणाऱ्याला तळमजलाच हवा असतो, ज्याचे भाडे पुष्कळदा जास्त पडते. सर्वांना सारखीच रक्कम हे तत्त्व कागदावर न्याय्य दिसते. मात्र मुलांकडे राहायला जाणाऱ्या सभासदाचे नऊ हजार शिल्लक पडतील आणि आजींना पदरचे घालावे लागतील. भाडे सर्वांना समान ठेवावे, पण मधल्या स्थलांतराचा खर्च व दलाली प्रत्यक्ष पावतीप्रमाणे विकासकाने द्यावी आणि अनामत रक्कम त्याने थेट घरमालकाकडे भरावी, असे कलम मी लेखी सुचवले आहे. अध्यक्षांनी ते वकिलांकडे पाठवतो म्हटले आहे. मसुदा परत आला की पुढच्या सभेपूर्वी प्रत्येक सभासदाला त्याची मराठी प्रत मिळणार आहे.