अण्णांचं पोट आणि माझी डिग्री

मी आहारतज्ज्ञ आहे, ही गोष्ट आमच्या घरात फक्त मी गंभीरपणे घेते. सासऱ्यांच्या, म्हणजे अण्णांच्या मते आहारशास्त्र म्हणजे त्यांच्या आईला जे माहीत होतं ते, आणि माझ्या विद्यापीठाने त्याला फी लावली इतकंच. त्यामुळे निवृत्तीनंतर त्यांनी स्वतःच्या पोटाचा कारभार हाती घेतला, तेव्हा मला विचारायचा प्रश्नच नव्हता. मला बोलावणं आलं ते थेट पोट फुगल्यावर.

"इसबगोलानं गॅस धरलाय," अण्णांनी पलंगावरून निकाल दिला. "भेसळीचा असणार."

"कसं घेता अण्णा तुम्ही?"

"कसं म्हणजे? फक्की मारतो."

फक्की! पोह्याच्या चमच्याने, शीग लावून, दोनदा. वरून अर्धा कप गरम दूध आणि लगेच आडवं. ऐकून माझ्याच घशाशी काहीतरी आलं. इसबगोलाची भुसी पाण्यात पडली की काही मिनिटांत तिची खळ होते. हे पेल्यात झालं तर फारतर पेला घासताना शिव्या बसतात. पण कोरडी भुसी घशात किंवा अन्ननलिकेत चिकटून तिथेच फुगली, तर थेट दवाखाना गाठावा लागतो. पाकिटावर 'भरपूर पाण्याबरोबर घ्या' असं छापतात ते यासाठी. अण्णा पाकीट वाचतात, पण फक्त एक्सपायरी डेट.

तरी गॅसचा आळ इसबगोलावर ठेवायला मी तयार नव्हते. पोटातला बराचसा गॅस तयार होतो मोठ्या आतड्यात. आपल्याला न पचलेलं जे काही तिथे पोचतं, त्यावर तिथले जीवाणू ताव मारतात आणि त्यातून हवा सुटते. इसबगोल मात्र त्यांना फारसा खाता येत नाही. तो पाणी धरून ठेवतो आणि जवळजवळ तसाच शेवटपर्यंत जातो. म्हणून तर घट्ट झालेलं मऊ करतो आणि पातळ झालेलं बांधतो. बद्धकोष्ठाला दुधातून आणि जुलाबाला दह्यातून, हा आजीबाईंचा दुहेरी उपाय दोन्हीकडे लागू पडतो त्याचं कारण हेच. दूध-दही फुकटचं श्रेय घेतात.

मग हवा भरत कोण होतं? मी अण्णांची दिवसभराची जबानी घेतली. ती देताना सासूबाई दारात उभ्या होत्या, त्यामुळे खरी मिळाली.

सकाळी चहाबरोबर 'हाय फायबर' बिस्किटं, अर्धा पुडा. दुपारच्या पोळीत मूठभर गव्हाचा कोंडा, तोही जाडा. रात्री फक्की आणि दूध. म्हणजे एका पोटावर चार-चार उपचार, आणि सगळे एकाच सोमवारी सुरू केलेले.

बिस्किटांचा पुडा उलटा करून मी बारीक अक्षरं वाचली. चिकरीच्या मुळापासून काढलेलं इन्युलिन. हेही फायबरच, पण याची चाल अगदी उलटी. ते पाण्यात विरघळतं, खळ करत नाही, आणि जीवाणूंना ते इतकं आवडतं की काही तासांत फडशा पाडून ते पोटभर गॅस करून ठेवतात. कांद्या-लसणातही हेच असतं, पण भाजीतल्या कांद्यातून येतं ते थोडं. थोडं इन्युलिन बहुतेकांना सोसतं. बिस्किटं, प्रोटीन बार, फायबरची पावडर असं सगळीकडून आलं की पँटचं बटण आधी तक्रार करतं.

"आठवडाभर सगळं बंद," मी म्हटलं.

"इसबगोलही?"

"तो पहिला परत येईल."

पोट खाली बसल्यावर इसबगोल परत आला. चहाचा एक चमचा, सपाट. भुसी हलकी असते, तेवढ्यात जेमतेम दोन-तीन ग्रॅम. मोठा पेलाभर पाण्यात ढवळायची, घट्ट व्हायच्या आत प्यायची, वर आणखी थोडं पाणी, आणि लगेच आडवं व्हायचं नाही. साखरेची गोळी दोन तास आधी, कारण ही खळ औषधालाही धरून ठेवू शकते. पहिले दोन दिवस अण्णांनी थोडं गुडगुडल्याची तक्रार केली, मग तीही थांबली. दर आठवड्याला अर्धा चमचा वाढवत गेलो. इसबगोल जुलाबाच्या गोळीसारखा सकाळी लगेच निकाल देत नाही, एक ते तीन दिवस घेतो. अण्णांनी दुसऱ्याच दिवशी "काही उपयोग नाही" असं जाहीर केलं आणि तिसऱ्या दिवशी पेपर न घेता आत गेले.

मग कोंडा परत आणला. कोंडा खळ करत नाही. त्याचे जाडे कण आतड्याच्या अस्तराला घासत जातात, त्यातून पाणी सुटतं आणि पोट साफ होतं. पण ज्यांचं आतडं आधीच नाजूक, कधी घट्ट कधी पातळ, त्यांना याच घासण्याने कळा येतात. अण्णांना कळा आल्या नाहीत, नुसती कुरकुर झाली. पोटाची, आणि पोळी चरचरते म्हणून सासूबाईंची. सासूबाईंच्या कुरकुरीवर कोंडा बंद झाला.

शेवटी बिस्किटं. सकाळी खाल्ली आणि दुपारी वामकुक्षीच्या वेळेला पोट तट्ट. आरोपी सापडला. दुधाचाही जबाब घेतला: चहातलं सोसतं, रात्रीचा कप सोसत नाही.

इसबगोल अगदी निर्दोष आहे असं मात्र मी म्हणणार नाही. काहींना एकट्या इसबगोलानेही फुगतं, कारण त्या घट्ट खळीतून आधीचा गॅसही हळूहळू पुढे सरकतो. आणि चार दिवसांचा खडा आत अडकलेला असेल, तर त्याच्यामागे भुसी पाठवणं म्हणजे नुसती रांग वाढवणं. आधी वाट मोकळी करायची, मग भुसी. दुखून उलटी होत असेल आणि वाराही सरत नसेल, तर चमचा खाली ठेवून डॉक्टरकडेच जायचं. हे मी अण्णांना दोनदा सांगितलं. त्यांनी एकदा ऐकलं.

हे सगळं ऐकून सासूबाईंच्या डोक्यात भलतंच आलं. "पोटात फुगतो ना तो? मग जेवणाआधी घेतला तर भूक कमी होईल!" तर्क चुकीचा नव्हता. जेवणाआधी पाच-सात ग्रॅम पेलाभर पाण्यातून घेतला, तर पोट लवकर भरल्यासारखं वाटतं आणि पुढची भूक जरा उशिरा लागते. आईंची दुपारची एक पोळी खरोखर कमी झाली. पण चारच्या चहाबरोबरचा चिवडा त्या भुकेसाठी कधीच खात नव्हत्या, त्यामुळे त्यावर इसबगोलाचा काही इलाज चालला नाही. महिन्याने वजनकाटा जिथल्या तिथे. "काटा बिघडलाय," म्हणाल्या.

घरात बिस्किटांचे सहा पुडे उरले होते. स्वस्तात मिळाले म्हणून अण्णांनी डझनभर आणले होते. फेकवेनात, म्हणून त्यांनी ते संध्याकाळच्या कट्ट्यावर ज्येष्ठ नागरिकांना उदार मनाने वाटून टाकले. मला हे कळलं दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या मजल्यावरचे काका पोट धरून दारात उभे राहिले तेव्हा.

"सूनबाई, जरा खासगी होतं," ते म्हणाले. त्यांच्या मागे जिन्यात आणखी दोघं उभे होते.