दोन पूर्णांक शून्य शून्य

भौतिकशास्त्राचे पेपर तपासताना चुकीच्या उत्तरांचा त्रास कधीच होत नाही. चुकीचं उत्तर प्रामाणिक असतं. दगडाला जमिनीवर पोहोचायला ४०० सेकंद लागतात असं कुणी लिहिलं, की आपण लाल पेन फिरवतो, चहाचा घोट घेतो आणि पुढच्या पानावर जातो. जीव खातात ती जवळपासची उत्तरं.

यंदाचा प्रश्न अगदी गरीब होता. एक दगड २० मीटर उंचीवरून सोडला, हवेचा रोध विचारात घेऊ नका, जमिनीवर पोहोचायला किती वेळ लागेल? सूत्र t = √(2h/g). आदर्श उत्तर २.०२ सेकंद आणि शेजारी कंसात '±१% ग्राह्य'. एवढंच. त्या कंसावरून तपासणीच्या खोलीत दोन ज्येष्ठ सरांचं बोलणं बंद झालं.

झालं असं, की प्रश्नपत्रिकेत g ची किंमत द्यायची राहून गेली होती. निम्म्या मुलांनी ९.८ घेतली, उरलेल्यांनी सरळ १०. दहावाल्यांची आकडेमोड बघताना डोळे निवतात: ४० भागिले १० बरोबर ४, त्याचं वर्गमूळ २. उत्तर २.०० सेकंद. सूत्र बरोबर, पायऱ्या बरोबर, अक्षरसुद्धा सुवाच्य. आता हे २.०० एक टक्क्याच्या आत बसतं का?

देशमुख सरांनी आदर्श उत्तरातले २.०२ घेतले, एक टक्का वजा केला, १.९९९८ आले. २.०० त्याच्या वर. "बसतं. द्या गुण."

कुलकर्णी सरांना गोलावलेल्या आकड्यावर टक्का काढणं म्हणजे शुद्ध व्यभिचार वाटतो. त्यांनी मूळ उत्तर काढलं, २.०२०३. त्यातून एक टक्का वजा केला, २.०००१ आले. "बसत नाही. एक दशसहस्रांश सेकंदानं बाहेर आहे."

दोघांचंही गणित बरोबर. फरक एवढाच, की एकानं टक्का आधी गोलावलेल्या आकड्याचा घेतला आणि दुसऱ्यानं न गोलावलेल्याचा. नियमात 'एक टक्का' लिहिलं होतं, कशाचा ते लिहिलं नव्हतं. मुलाचा गुण त्या फटीत अडकला होता. या बाबतीत मी कुलकर्णी सरांच्या बाजूची आहे. सूट मोजायची ती न गोलावलेल्या उत्तरापासून, आणि गोलवायचं शेवटी, एकदाच. पण गुण मात्र मी देशमुख सरांसारखाच दिला असता. कारण इथे चूक मुलाची नव्हती, सूट ठरवणाऱ्याची होती.

ती चूक बघण्यासारखी आहे. ९.८ ऐवजी १० घेतले की g सुमारे दोन टक्क्यांनी वाढतो. पण g वर्गमूळाखाली आहे, आणि वर्गमूळ दयाळू असतं, आतली तफावत निम्मी करूनच बाहेर सोडतं. म्हणजे वेळेत फरक पडतो तो एक टक्क्याच्या आसपास. नेमका काढला तर १.००५ टक्के. उंची २० असो, ५० असो, हा आकडा बदलत नाही. म्हणजे १ टक्क्याची सूट ठेवणाऱ्यानं दहावाल्या सगळ्या मुलांना बरोबर दारातच उभं केलं होतं, एक पाय आत आणि एक बाहेर. सूट अर्धा टक्का असती तर ती सगळी बाहेर, दोन टक्के असती तर सगळी आत, आणि दोन्ही सरांचा चहा गरम राहिला असता. त्याहून सोपं म्हणजे प्रश्नातच 'g = ९.८ घ्या' असं लिहायचं.

"मग दोन टक्के करून टाका," मी म्हटलं.

तेवढ्यात माझ्या गठ्ठ्यातली पुढची उत्तरपत्रिका उघडली. उत्तर २.०४ सेकंद. दोन टक्के कशाला, एक टक्क्यातसुद्धा बसणारं. मी बरोबरची खूण करणार, तोच वरची ओळ दिसली: t = h/g. वीस भागिले ९.८. वर्गमूळ नाही, दोन नाही, काही नाही. मीटरला मीटर प्रति वर्ग सेकंदानं भागलं तर उत्तर वर्ग सेकंदात येतं, पण पुढे एकक 'सेकंद' लिहून मुलानं तेही मिटवून टाकलं होतं. त्याच मुलानं g ला १० घेतलं असतं तर उत्तर चोख २ आलं असतं, दहावाल्यांच्या उत्तराची सख्खी जुळी बहीण.

हा योगायोग नाही, प्रश्नातली उंचीच तशी आहे. h/g म्हणजे t च्या वर्गाचा निम्मा. t जर दोनाच्या आसपास असेल, तर त्याच्या वर्गाचा निम्माही दोनाच्या आसपासच येणार. हे भांडण सूट कमी-जास्त करून मिटत नाही, उंची बदलावी लागते. ५० मीटर ठेवले असते तर बरोबर उत्तर ३.१९ आणि या सूत्राचं ५.१०. मग चूक लांबूनच दिसली असती. प्रश्न काढणाऱ्यानं मुलं कुठे चुकतात ती दोन-तीन सूत्रं आधी स्वतः चालवून बघायची असतात आणि ती उत्तरं सुटीच्या बाहेर पडतात ना, एवढं तपासायचं असतं. केवळ उत्तर बघून गुण देणाऱ्यानं या मुलाला पूर्ण गुण दिले असते. मी सूत्राचे शून्य दिले, आणि उत्तराचेही शून्यच. चुकीच्या वाटेनं आलेला बरोबर आकडा मला सापडलेल्या पाकिटासारखा वाटतो, कितीही पैसे असले तरी आपला नसतो.

दुसऱ्या टोकाला एक मुलगी होती. तिचं उत्तर: २.०२०३०५०८९ सेकंद. कॅल्क्युलेटरनं जे दाखवलं ते तिनं भक्तिभावानं उतरवून घेतलं होतं. नऊ दशांश स्थळं म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. तेवढ्यात दगड फार तर वीस नॅनोमीटर पडेल, आणि उंची मात्र दिली होती नुसती '२० मीटर'. ती मोजून लिहिली असेल तर १९.५ ते २०.५ मधलं काहीही असू शकतं, आणि तेवढ्यानंच वेळ सव्वा टक्का इकडे-तिकडे होते. म्हणजे आम्ही ज्या एका टक्क्यावरून भांडत होतो तो दिलेल्या उंचीच्याच पोटात गडप होत होता. हे मी बोलून दाखवलं, तर दोन्ही सर पहिल्यांदाच एकत्र माझ्यावर उखडले. मुलीचे गुण कुणी कापले नाहीत. 'दोन दशांश स्थळांपर्यंत' असं प्रश्नात लिहिलंच नव्हतं.

उपप्रश्न होता: जमिनीवर आदळताना वेग किती? v = gt, उत्तर १९.८ मीटर प्रति सेकंद. एका मुलानं पहिल्या भागात ९.८ घेऊन २.०२०३ काढलं, मग मध्येच '२.०' करून पुढे नेलं आणि वेग १९.६ आणला. उपप्रश्नालाही सूट एक टक्काच होती, आणि १९.६ त्या रेषेच्या जेमतेम खाली. आमच्याकडे अशा वेळी चूक एकदाच मोजतात: मधल्या गोलावण्याचा अर्धा गुण कापायचा, पुढच्या पायरीचे पूर्ण द्यायचे. मी तसंच केलं आणि समासात लिहिलं, 'मध्ये गोलवू नये.'

शेवटी ठरलं: सूट दोन टक्के, मोजायची न गोलावलेल्या उत्तरापासून, पण सूत्र चुकलं असेल तर सूट नाही. सगळ्यांनी सह्या केल्या. गठ्ठे बांधून होतात न होतात तोच मुख्य परीक्षकांचा फोन आला, "मॅडम, दोन टक्के म्हणजे दोन धरून, की दोनाच्या आत?"