चाईच्या जागी लसूण चोळण्याआधी

"डोक्यावर गोल चाई पडली म्हणजे केसांना किडा लागला. तो घरात एकाचा दुसऱ्याला लागतो. ठेचलेली लसूण लाल होईपर्यंत चोळा, आठ दिवसांत केस येतात." (व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा मेसेज)

किडा आधी पाहू. चतुर्थीच्या तोंडावर डिचोलीच्या सलूनमध्ये माझ्या भाच्याच्या कानामागे रुपयाएवढा चट्टा सापडला. भिंगातून पाहिलं तर कातडी चिंचोक्यासारखी गुळगुळीत. कोंडा नाही, खपली नाही. कडेला तीन-चार मिलिमीटरचे खुंट होते, वर जाड आणि कातडीकडे निमुळते, अगदी उद्गारचिन्हासारखे. ही चाईची खूण. कुणी कुरतडलेलं नसतं. शरीराची रोगप्रतिकारशक्तीच केसाच्या मुळावर चालून जाते, त्यामुळे केस मुळाशी बारीक होऊन तुटतो. मूळ मात्र जिवंत राहतं.

नेहमीचं केस गळणं असं दिसतच नाही. वहिनीला जुलैत डेंग्यू झाला आणि दिवाळीच्या सुमारास उशीवर, कंगव्यात, न्हाणीच्या जाळीवर केसच केस. भांग रुंदावला, पण मोकळा चट्टा कुठेही नव्हता. गळलेल्या केसाच्या टोकाला बारीक पांढरा गोळा होता, म्हणजे केस आपला काळ संपवून गळला होता. मोठ्या तापानंतर किंवा बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी असं होतं आणि बहुतेकदा आपोआप थांबतं.

संसर्गाचं म्हणाल, तर चाई कुणाकडून कुणाला लागत नाही. भाच्याचा कंगवा वेगळा ठेवला, त्याला वेगळ्या उशीवर निजवलं, याचं मला आजही वाईट वाटतं. पसरते ती डोक्यातली दाद, आणि तीही जास्त करून लहान मुलांत. तिथे खवले असतात, खाज असते, केस कातडीलगत तुटून काळे ठिपके दिसतात. तिला मलम पुरत नाही, डॉक्टरांच्या सल्ल्याने काही आठवडे गोळ्या घ्याव्या लागतात.

आता लसूण. ताईने ती तीन दिवस चोळली. चौथ्या दिवशी चट्ट्यावर पाण्याचे फोड आले. कच्ची लसूण कातडी भाजते, आणि भाजलेलं खोल गेलं तर व्रण राहून जिवंत मुळंही मरतात. शिवाय केस महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतो, मग आठ दिवसांत चट्टा भरणार कसा? लहान चट्टे पुष्कळदा काही महिन्यांत आपसूक भरतात आणि श्रेय लसणीला जातं.

फोड बरे झाल्यावर म्हापशाच्या त्वचारोगतज्ज्ञांनी चट्ट्यात स्टेरॉइडची बारीक इंजेक्शनं दिली, पाच आठवड्यांच्या अंतराने दोनदा. त्यांनी नखंही पाहिली. नखांवर सुईने टोचल्यासारखे खड्डे असले, भुवया गेल्या किंवा मानेवरून कानापर्यंत पट्टा पडला, तर हा आजार चिवट होतो. भाच्याला त्यातलं काही नव्हतं. तिसऱ्या महिन्यात तिथे पांढरी लव आली आणि ताई घाबरली. पण चाईत पहिले केस बऱ्याचदा पांढरेच येतात, रंग मागाहून भरतो. पुन्हा चट्टा पडू शकतो, हेही डॉक्टरांनी तेव्हाच सांगून ठेवलं.