गाळलेल्या जागेत अडकलेला मामा

भाचीने वही पुढे केली तेव्हा मी खरं तर उठून जायला हवं होतं. पण समोर ताई बसली होती, आणि "मामाला विचार, त्याचं इंग्रजी चांगलं आहे" हे वाक्य ती बोलून बसली होती. असल्या वाक्यानंतर उठणारा मामा अजून जन्माला यायचाय.

दहा वाक्यं होती. प्रत्येकात एक गाळलेली जागा आणि पर्याय दोनच, सिन्स किंवा फॉर. अठरा वर्षं ऑफिसात रोज इंग्रजीत मेल लिहिणाऱ्या माणसाला हे म्हणजे हातचा मळ. चार मिनिटांत सगळं भरून दिलं, वर अक्षर नीट काढत जा असा सल्लाही दिला.

दुसऱ्या दिवशी वही परत आली. दहापैकी चार.

"मामा," भाची अगदी शांतपणे म्हणाली, "नाणं उडवलं असतंस तरी साधारण पाच आले असते."

हे गणित मला जास्त झोंबलं. म्हणजे माझं अज्ञान नुसतं अज्ञान नव्हतं, त्याला एक ठाम दिशा होती. मी नेमाने चुकत होतो, आणि नेमाने चुकणाऱ्या माणसाच्या डोक्यात कुठेतरी एक नियम असतो. तो शोधायला ती आणि मी संध्याकाळी बसलो. ताई स्वयंपाकघरातून ऐकत होती. मधूनच भांडं जरा जोरात आपटलं जाई. ते हसू दाबण्याचं लक्षण.

चोर सापडायला वेळ लागला नाही. त्याचं नाव 'पासून'. मराठीत मी सोमवारपासून वाट बघतो आणि दोन तासांपासूनही वाटच बघतो. एकच शब्द, दोन्हीकडे कामाला. इंग्रजीने मात्र ही नोकरी दोघांत वाटून दिली आहे. गोष्ट कुठून सुरू झाली तो क्षण सांगायचा तर सिन्स: सोमवार, सकाळी नऊ, २०१५ साल. किती वेळ चालली ती लांबी सांगायची तर फॉर: दोन तास, तीन आठवडे, सहा वर्षं. माझ्या डोक्यात 'पासून' म्हणजे सिन्स एवढंच बसलेलं. त्यामुळे "दोन तासांपासून" म्हटलं की हात आपोआप "सिन्स टू अवर्स" लिहून मोकळा.

"तू आधी स्वतःला 'किती?' असं विचार," भाची म्हणाली. "किती? दोन तास. जमलं, म्हणजे फॉर. किती? सोमवार. हे वेड्यासारखं वाटतं, म्हणजे सिन्स."

"मी 'केव्हापासून?' असं विचारतो ना."

"त्याला 'दोन तासांपासून' हे उत्तर मराठीत चालतं, म्हणून तर तू फसतोस."

अकरा वर्षांच्या मुलीने आपल्या मातृभाषेतली फट बोट ठेवून दाखवावी हे काही सुखाचं नसतं. मी चहाचा कप उचलला. तो रिकामा होता. तरी प्यायलो.

मग एकेक चूक उघडून बघितली. पहिली होती "वुई हॅव बीन स्टँडिंग हिअर ____ थ्री." मी फॉर लिहिलं होतं. आकडा दिसला की लांबी, हा माझा दुसरा घरगुती नियम. पण थ्रीच्या पुढे पूर्णविराम आहे. तास नाहीत, दिवस नाहीत, काहीच नाही. नुसता तीन म्हणजे घड्याळातले तीन, मग तिथे सिन्स. पुढे 'अवर्स' असता तर फॉर. म्हणजे उत्तर आकड्यात नसतं, आकड्याच्या शेजारी कोण बसलंय त्यात असतं. ही खूण मी पाहिलीच नव्हती, कारण मी गाळलेल्या जागेकडे टक लावून बसलो होतो. तिथे काहीच नसतं, म्हणून तर ती गाळलेली असते.

दुसरी चूक मात्र माझ्या मते कागद काढणाऱ्याचा डाव होता. "ही हॅज बीन वेटिंग फॉर द बस ____ टेन मिनिट्स." दहा मिनिटं ही लांबी आहे हे मला तेव्हाही दिसत होतं. पण वाक्यात आधीच एक फॉर होता. एका वाक्यात दोन फॉर कसे येतील? वर्गात एकाच नावाची दोन मुलं असली की हजेरीला गोंधळ होतो, तसं काहीसं वाटलं आणि मी माणुसकीने सिन्स लिहिलं. भाचीने पेन्सिलीने पहिल्या फॉरभोवती गोल केला. "हा वेटचा आहे. कशाची वाट, ते सांगतो. दुसरा वेळेचा. दोघांची ओळखसुद्धा नाही."

तिसरं वाक्य लाल शाईत दोनदा अधोरेखित होतं. "इट हॅज बीन रेनिंग ____ द लास्ट थ्री वीक्स." गेल्या तीन आठवड्यांपासून. झालं, 'पासून' आला आणि मी सिन्स ठोकलं. त्याच्या खालचं वाक्य होतं "____ लास्ट वीक", तिथेही सिन्स लिहिलं आणि ते बरोबर निघालं. मग मी न्याय मागितला. दोन्हीकडे 'लास्ट' आहे, एक बरोबर नि एक चूक हे कसं? इथे भाची जरा अडली, आणि मला मनातून बरं वाटलं. पण मग तिनेच मराठीत बोलून बघितलं: "गेले तीन आठवडे पाऊस पडतोय. गेल्या आठवड्यापासून पाऊस पडतोय."

आम्ही दोघं गप्प झालो. कारण मराठीला हा फरक व्यवस्थित कळतो. "गेले तीन आठवडे" ही मोजपट्टी, तिथे 'द लास्ट थ्री वीक्स' आणि फॉर. "गेल्या आठवड्यापासून" म्हणजे मागच्या आठवड्यात कुठेतरी रोवलेली खुंटी, तिथे नुसतं 'लास्ट वीक' आणि सिन्स. तो 'द' किती लहान, पण सगळा घोळ त्याच्यापाशी. 'पासून' काढून "गेले अमुक" म्हणता आलं तर फॉर, हा शोध आम्हा दोघांचा आहे. निदान मी अर्ध्या वाट्यावर हक्क सांगतो.

चौथ्या चुकीचं मला आजही समर्थन करावंसं वाटतं. "शी हॅज बीन क्वाएट ____ द लेटर केम." मी वाचत वाचत 'द लेटर'पर्यंत आलो आणि हात म्हणाला 'फॉर द लेटर'. किती छान वाटतं ऐकायला! पत्रासाठी. पण पुढे 'केम' आहे. पत्र आलं, तेव्हापासून ती गप्प. अख्खी घटनाच खुंटी म्हणून रोवली आहे, आणि वेळ सांगणारा फॉर असं आख्खं वाक्य पाठीवर घेत नाही. त्याला मोजलेला वेळच लागतो. घटना उचलायची तर सिन्सच. 'केम'चा साधा भूतकाळ हीच तिथली खूण होती. मी ती वाचलीच नाही, कारण पूर्णविरामापर्यंत जायचा कंटाळा केला.

पाचवी चूक 'सिन्स अ लाँग टाइम'. त्यावर बोलत नाही. आमच्या ऑफिसात सगळे तसंच म्हणतात आणि सगळेच चुकतात.

सहाव्या चुकीने माझा शेवटचा नियम मोडला. "ही लिव्हड हिअर ____ सिक्स यीअर्स अँड देन मूव्हड अवे." सहा वर्षं, सरळ फॉर. पण वाक्यात हॅव नाही, हॅज नाही, आणि मला कुणीतरी कधीतरी सांगितलेलं की फॉर फक्त परफेक्ट काळात येतो. म्हणून सिन्स. खरी गोष्ट नेमकी उलट आहे. फॉर कुठेही जातो. राहिला, सहा वर्षं राहिला, निघून गेला, संपलं, तरी फॉरची हरकत नाही. हट्टी आहे तो सिन्स. त्याने खुंटी रोवली की तिथून आत्तापर्यंतची दोरी ताणलेली लागते, म्हणून मुख्य क्रियापदाला बहुतेक वेळा हॅव किंवा हॅज लागतो. "ही लिव्हड हिअर सिन्स २०१५" म्हटलं की दोरी मध्येच लोंबकळते.

इथवर मी शरण गेलो होतो. तेवढ्यात भाचीने विचारलं, "मामा, तू ऑफिसात असंच लिहितोस?"

प्रश्न निरागस होता. मी मात्र लॅपटॉप उघडला आणि पाठवलेल्या मेलांत 'सिन्स' शोधलं. त्यानंतर जे दिसलं ते घरच्या माणसांना दाखवण्यासारखं नव्हतं. "आय ॲम वेटिंग फॉर युअर रिप्लाय सिन्स टू वीक्स." हेच वाक्य, कधी दोन आठवडे, कधी तीन, अठरा वर्षं. एका वाक्यात दोन चुका, आणि दोन्ही थेट मराठीतून आलेल्या. सिन्सचं तर कळलं. पण "मी दोन आठवड्यांपासून वाट बघतोय" यातलं 'बघतोय' आपल्याला वर्तमानकाळातच चालतं, म्हणून मी 'ॲम वेटिंग' लिहीत आलो. इंग्रजीला ती मागे ताणलेली दोरी क्रियापदातही दिसायला हवी: हॅव बीन वेटिंग. म्हणजे क्रियापदाची जागा गाळलेली असेल आणि वाक्याच्या शेपटीला 'फॉर टू वीक्स' दिसत असेल, काम अजून चालूच असेल, तर तीच खूण उलट्या दिशेने वाचायची.

हे कळल्यावर उत्साहात मी "आय हॅव बीन नोइंग हिम फॉर इयर्स" असं एक उदाहरण दिलं. भाचीने डोळे मिटले. ओळखणं, असणं, आवडणं असल्या क्रियापदांना सहसा तो 'बीन'वाला चालू काळ लागत नाही. तिथे 'हॅव नोन' एवढंच. वही मिटता मिटता मी सातवी चूक केली होती.

रात्री एका ग्राहकाला मेल लिहायचा होता. या वेळी वीस मिनिटं घेतली. "आय हॅव बीन वेटिंग फॉर युअर रिप्लाय फॉर टू वीक्स." दोन फॉर शेजारी शेजारी बघून बोट पुन्हा डिलीटवर गेलं. एकदा पहिला खोडला, परत लिहिला. एकदा दुसरा खोडला, परत लिहिला. शेवटी भाचीला हाक मारली. तिने दोन्ही ठेवायला लावले आणि मी डोळे मिटून पाठवून दिला.

सकाळी उत्तर आलं. एकच ओळ: "सॉरी, आय ॲम ऑन लीव्ह सिन्स मंडे."

भाचीने ती माझ्या खांद्यावरून वाचली आणि पेन्सिल शोधायला गेली. "सिन्स बरोबर आहे," ती दारातून म्हणाली, "अर्धा मार्क दे त्याला."