‘नॉर्मल आहे ना?’ या प्रश्नाला मी काय उत्तर देते

पालिकेच्या रुग्णालयातील परिचारिकेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून माझ्या फोनवर वह्यांच्या पानांचे फोटो येत असतात. कोणाच्या बीपीचे आकडे, कोणाच्या साखरेचे, आणि खाली एकच प्रश्न: नॉर्मल आहे ना? पूर्वी मी पटकन ‘हो, काळजी नको’ असे लिहून मोकळी होत असे. निदान करणे हे आपले काम नाही, एवढे मला ठाऊक होते. परंतु ‘नॉर्मल आहे’ असे सांगणे हेही निदानच असते, हे उमगायला मला एक चूक करावी लागली.

आमच्याच इमारतीतील एका काकांनी ग्लुकोमीटरवरच्या १३८ या आकड्याचा फोटो पाठवला होता. मी मनाशी गृहीत धरले की तो जेवणानंतरचा असणार, आणि ‘छान आहे’ असे कळवले. प्रत्यक्षात तो सकाळी उपाशीपोटी घेतलेला होता. मधुमेह नसलेल्या माणसाच्या बाबतीत जेवणानंतर दोन तासांनी १३८ आले तर सहसा कोणी दचकत नाही. पण उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून अधिक आकडा दिसला, तर प्रयोगशाळेत रक्त देऊन खात्री करून घ्यावी लागते, कारण घरच्या यंत्रावर निदान ठरवत नाहीत. माझ्या दोन शब्दांमुळे काकांनी ती तपासणी चार महिने पुढे ढकलली. आकडा तोच, पण मी वेळ विचारली नव्हती.

गेल्या महिन्यात विक्रोळीच्या कन्नमवार नगरातून माझ्या भाचीने सासूबाईंच्या बीपीचे पान पाठवले. “मावशी, जरा बघतेस का? पहिल्या दिवशी १६८ आलंय, मला तर धडकीच भरली.” फोटोत तारखांचा रकाना तिच्या अंगठ्याखाली गेला होता, म्हणून मी प्रथम पूर्ण पानाचा फोटो पुन्हा मागवला. दुसरी अडचण आकड्यांची होती. सासूबाई मराठी अंक लिहितात आणि नातू इंग्रजी. एकाच पानावर दोघांचे हस्ताक्षर असल्यामुळे मराठी चार हा इंग्रजी आठसारखा दिसत होता, आणि मराठी एक तर इंग्रजी नऊसारखा दिसतोच. एका ठिकाणी खालचा आकडा ८४ की ८८, हे मला ठरवता येईना. अशा वेळी अंदाज न करता विचारावे, किंवा यंत्राच्या स्मृतीतून तो आकडा पाहून घ्यायला सांगावे. मात्र ते यंत्र घरात दोघे वापरत असतील, तर दोघांचे आकडे एकाच यादीत मिसळले नाहीत ना, हेही पाहावे लागते. पानावरचे सगळे आकडे १३०/८०, १४०/९० असे गोलमटोल असते, तर मला वेगळीच शंका आली असती, कारण डिजिटल यंत्र शून्यावर संपणारे आकडे इतक्या वेळा दाखवत नाही. तसे पान बहुधा आठवणीने भरलेले असते.

पान पुढे सरळ होते: सात दिवस, सकाळ आणि संध्याकाळ. भाची ज्याला घाबरली होती, तो १६८/९६ हा पहिल्या सकाळचा आकडा होता. घरच्या नोंदींची सरासरी काढताना पहिला दिवस वगळण्याची पद्धत आहे, कारण यंत्र नवे असते, माणूस धास्तावलेला असतो आणि पट्टा बांधायचा हात बसलेला नसतो. वगळायचा तो सरासरीतून, वहीतून नव्हे. उरलेल्या सहा सकाळी वरचा आकडा १४४ ते १५६ या दरम्यान होता आणि सरासरी १५०/८७ निघाली. संध्याकाळी तो १२६ ते १३४ या दरम्यान राहिला आणि सरासरी १३०/७९ आली. सगळे एकत्र केले तर १४०/८३. घरी मोजलेल्या बीपीसाठी साधारण १३५/८५ ही रेषा धरतात. दवाखान्यातील १४०/९० घरच्या नोंदींना जसेच्या तसे लावायचे नसते, हे पुष्कळांना माहीत नसते. म्हणजे वरचा आकडा रेषेच्या वर होता आणि खालचा आत. परंतु एकत्र सरासरीपेक्षा मला महत्त्वाचे वाटले ते सकाळ आणि संध्याकाळ यांच्यातील वीस अंकांचे अंतर, कारण ते एका दिवसाचे नव्हते, सहाही दिवस होते.

हे अंतर कशामुळे, हे मी सांगितले नाही; मला ते फोटोवरून सांगता येणारही नव्हते. मी दोन प्रश्न विचारले. सकाळी मोजण्याआधी काय चाललेले असते, आणि गोळी कधी घेतात? उत्तर आले की त्यांच्याकडे साडेपाचला पाणी येते, सासूबाई पिंप आणि बादल्या भरतात, चहा घेतात आणि लगेच पट्टा बांधतात. बीपीची गोळी त्या नऊ वाजता, न्याहारीनंतर घेतात. याचे दोन अर्थ संभवतात. पाणी उचलणे आणि चहा यांनी आकडा वर गेला असेल. किंवा आदल्या दिवशीच्या गोळीला वीस तास उलटून गेल्यामुळे तिचा जोर पहाटेपर्यंत ओसरत असेल. पहिल्यात मोजण्याची पद्धत बदलायची, दुसऱ्यात डॉक्टरांनी औषधाचा विचार करायचा. गोळीची वेळ आपण घरच्या घरी बदलायची नाही, हे मी भाचीला निक्षून लिहिले, कारण तिचा पुढचा प्रश्न तोच असणार होता.

एक आठवडा त्यांनी पाणी येण्याआधी मोजावे, असे मी सुचवले. उठून लघवीला जाऊन यावे, पाठ टेकून पाच मिनिटे गप्प बसावे, पावले जमिनीवर सपाट, हात टेबलावर हृदयाच्या पातळीत, पट्टा बाहीवर न बांधता उघड्या दंडावर. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहावेत. जो बरा वाटेल तो ठेवायचा, असे नको. पट्टा त्यांच्या दंडाला पुरतो का, हेही पाहायला सांगितले, कारण आखूड पट्टा आकडा खोटाच वर दाखवतो. (बहुतेक घरांत यंत्रासोबत आलेला पट्टाच सगळ्यांना बांधतात, मग दंड नातवाचा असो की आजोबांचा.)

जिथे मी वाट पाहा असे म्हणत नाही, ती जागाही सांगते. वरचा आकडा १८० किंवा खालचा १२० यांपैकी एक जरी गाठला गेला, तर पाच मिनिटे शांत बसून पुन्हा मोजावे. तो तसाच राहिला आणि त्रास काही नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. छातीत दुखणे, धाप लागणे, बोबडी वळणे, एका बाजूची ताकद जाणे किंवा अचानक कमी दिसणे यांपैकी काहीही असेल, तर पुन्हा मोजत बसू नये, मला फोटो पाठवू नये, १०८ला फोन करावा. आणि ही लक्षणे असतील तर आकडा चांगला आहे म्हणून थांबायचे नाही.

भाचीला शेवटी मी लिहिले ते एवढेच: सकाळची सरासरी १५०/८७, संध्याकाळची १३०/७९, सकाळी पाणी भरल्यावर मोजलेले, गोळी नऊ वाजता, पुढच्या आठवड्याचे पान झाले की दोन्ही पाने घेऊन डॉक्टरांकडे जा. तिला ‘हो’ किंवा ‘नाही’ हवे होते, त्यामुळे ती थोडी रुसली. दुसऱ्या पानावर सकाळची सरासरी १४१/८४ आली, म्हणजे आकडा उतरला तरी वरचा रेषेच्या वरच राहिला. दोन्ही पाने डॉक्टरांच्या टेबलावर गेली. त्या दुसऱ्या पानावर ‘सकाळ’ हा शब्द खोडून सासूबाईंनी स्वतःच्या हाताने लिहिले होते, ‘पाण्याआधी’.