मन घट्ट करून ड्रेसिंग होत नाही

"खरा सेवाभाव असेल तर सिस्टर कधीच थकत नाही. थकते ती, जी पेशंटचं दुःख मनाला लावून घेते. मन घट्ट करा, आठ दिवस रजा घ्या, परत फ्रेश व्हाल."

12 मेला नर्सेस डेच्या दिवशी हे मला पाच ग्रुपवर आलं, वर गुलाबाचं फूल. पुण्यातल्या एका हॉस्पिटलच्या बर्न्स वॉर्डला मी बरीच वर्षं इनचार्ज होते, त्यामुळे गुलाब राहू दे बाजूला, एकेका वाक्याचं बघू. उदाहरण आमच्याच वॉर्डमधल्या एका सिस्टरचं देते, तिला विचारून. नाव सांगणार नाही.

आधी सेवाभाव. ही सिस्टर अशी की पेशंट स्वतःहून विचारायचे, आज ड्रेसिंगला त्याच ताई आहेत ना? बर्न्सचं ड्रेसिंग म्हणजे काय ते बाहेरच्यांना माहीत नसतं म्हणून सांगते. जुनं गॉज जखमेला चिकटलेलं असतं, ते सलाइनने भिजवत भिजवत सोडवायचं, मेलेली कातडी काढायची, मलम लावायचं, परत गुंडाळायचं, मोठं भाजलेलं असेल तर तास-दीड तास सहज जातो आणि त्या सगळ्या वेळात समोरचं माणूस ओरडत असतं, आणि ओरडायला लावणारे हात आपलेच असतात. वर बाईमाणूस असेल तर ती ड्रेसिंगच्या वेळी हळूच खरं काय झालं ते सांगते, कारण पडद्याबाहेर सासरची माणसं बसलेली असतात. जबाबात स्टोव्हचा भडका, सिस्टरच्या कानात वेगळंच.

तर दोन वर्षांनी हिला घरात पोळी जरा करपली तरी मळमळायला लागलं. रात्री दचकून उठायची. तेव्हा आमच्याकडे येणाऱ्या काउन्सेलर मॅडमनी तिच्याकडून प्रोक्वॉल भरून घेतलं. ही तीस प्रश्नांची यादी आहे, गेल्या तीस दिवसांत किती वेळा असं वाटलं त्याला 1 ते 5 मार्क, आणि दहा-दहा प्रश्नांचे तीन वेगळे स्कोअर निघतात: कामातून मिळणारं समाधान, बर्नआउट, आणि सेकंडरी ट्रॉमा म्हणजे दुसऱ्यावर ओढवलेल्या प्रसंगाचा आपल्याला बसलेला धक्का. 22 पर्यंत कमी, 42 पासून पुढे जास्त, अधलं मध्यम. (बर्नआउटच्या पाच प्रश्नांचे मार्क उलटे धरायचे असतात, नेटवरून प्रिंट काढून स्वतःच बेरीज करणारे इथेच चुकतात. आणि हे निदान नाही, फक्त कुठे बघायचं ते कळतं.)

तिचं आलं समाधान 43, बर्नआउट 27, सेकंडरी ट्रॉमा 44. आता सांगा, सेवाभाव कुठे कमी आहे? समाधानही भरपूर आणि धक्काही भरपूर, दोन्ही एकाच बाईत. कम्पॅशन फटिग, म्हणजे दुसऱ्याचं दुःख जवळून बघून येणारा थकवा, हा शब्दच मुळात 1992 मध्ये कार्ला जॉइन्सन या अमेरिकन नर्सने नर्सेसबद्दल लिहिताना वापरला आणि पुढे चार्ल्स फिग्ली या मानसशास्त्रज्ञाने 1995 मध्ये तो सेकंडरी ट्रॉमाशी जोडला. जी जास्त जवळ जाते तिलाच जास्त लागतं, एवढं साधं आहे ते. कोरडेपणाने काम करणाऱ्याला पोळीचा वास येत नाही.

मग मन घट्ट करायचं. तेही तिने करून बघितलं, कुणी न सांगताच. नावाऐवजी "बेड सात" म्हणायला लागली. ड्युटी बदलून मागायची, मी रजिस्टर मागे चाळून बघितलं तर बदललेली प्रत्येक ड्युटी मोठ्या ड्रेसिंगच्या दिवसाची. आणि घाई. दुखण्याची गोळी दिली की अर्धा-पाऊण तास थांबावं लागतं तिचा असर यायला, ही दहा मिनिटांत ट्रॉली घेऊन हजर, कारण लवकर सुरू केलं की लवकर संपेल. पेशंट जास्त ओरडणार, हिला जास्त लागणार, ही अजून घाई करणार. वॉर्डातल्या मावशी मला म्हणाल्या, "ताई पहिल्यासारख्या बोलत नाहीत आता." म्हणजे ज्याला फॉरवर्डवाले उपाय म्हणतात ते आमच्याकडे दुखण्याचं लक्षण होतं, इनचार्जने हेच बघायचं असतं.

इथे एक फरक आहे जो मलाही उशिरा कळला. समोरच्याचं दुःख स्वतःच्या अंगात भोगणं वेगळं आणि त्याचं दुखणं कमी व्हावं म्हणून त्याच्यासोबत असणं वेगळं. तानिया सिंगर आणि ओल्गा क्लिमेकी या संशोधकांनी हे मेंदूच्या स्कॅनमध्ये बघितलंय, पहिल्यात वेदनेशी संबंधित भाग जागे होतात, दुसऱ्याची सवय केलेल्यांत आपुलकी आणि समाधानाचे भाग, आणि दुसरं शिकवता येतं. आम्ही ट्रॉलीपाशी ते असं केलं: सुरू करायच्या आधी पेशंटला सांगायचं, "दुखणार आहे, तुम्ही हात वर केलात की मी थांबेन," आणि खरंच थांबायचं. पेशंटच्या हातात काहीतरी राहतं आणि सिस्टर फक्त त्रास देणारी उरत नाही. तिचं म्हणणं, तीन आठवड्यांनी पहिल्यांदा ड्रेसिंगनंतर हात थरथरले नाहीत.

राहिली रजा. रजा मिळालीच पाहिजे, मी रजेच्या विरोधात नाही, पण ती बर्नआउटला, म्हणजे माणसं कमी, डबल ड्युटी, कागदपत्रं यांच्या थकव्याला थोडीफार पुरते, आणि परत आल्यावर माणसं तेवढीच असतील तर तेही महिनाभरच. सेकंडरी ट्रॉमा सोबत बॅगेत येतो. ती दहा दिवस वाईला माहेरी गेली, झोपली, खाल्लं, वजनसुद्धा वाढलं, आणि आठव्या दिवशी वहिनीची चुलीवरची भाकरी करपली तर अंगणात जाऊन उलटी. परत आली ती घाबरूनच, "आता तर घरी पण."

उपयोग झाला तो इतर गोष्टींचा. मोठी ड्रेसिंग एका शिफ्टला एका सिस्टरकडे दोनच, तिसरं दुसरीकडे, मग त्यासाठी मला मेट्रन मॅडमशी दोनदा भांडावं लागलं. दर तीन महिन्यांनी काही आठवडे दुसरा वॉर्ड. आणि कँटीनचा नियम: भयंकर तपशील सांगायच्या आधी समोरचीला विचारायचं, "आज ऐकू शकशील का, थोडक्यात सांगू?" आपण चहाबरोबर एकमेकींवर किती ओततो ते हा नियम केल्यावर कळलं. तिच्या वासाचं मात्र यातल्या कशानेच गेलं नाही, त्यासाठी ट्रॉमाचं काम जाणणाऱ्या सायकॉलॉजिस्टकडे आठवड्याला एकदा, चारेक महिने. स्वारगेटहून बस पकडून ड्युटी संपवून जायची, पैसे स्वतःचे, हॉस्पिटलने काही दिले नाहीत.

आता ती परत पूर्णवेळ बर्न्सलाच आहे, ड्रेसिंग करते. पोळ्या अजून नवराच भाजतो.